अडीअडचणीचा पैसा नेमका कुठं ठेवायचा: सेव्हिंग, लिक्विड फंड की छोटी एफडी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देतो, त्यामुळे समोरच्याचं पासबुक आणि एफडीच्या पावत्या रोजच हातात येतात. कागद गोळा करून झाले की शेवटी हमखास एकच प्रश्न येतो, की भाऊ हे दीड-दोन लाख बाजूला काढलेत, कुठं ठेवू? तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

थोडक्यात सांगा ना, कुठं ठेवू?

तीन ठिकाणी. पण व्याज बघून वाटणी करायची नाही, पैसा किती तासात हातात पडतो ते बघून करायची. जो पैसा रात्री-बेरात्री पंधरा मिनिटात लागेल तो सेव्हिंगला. जो दुसऱ्या दिवशी सकाळी लागला तरी चालेल तो मोबाईलवरून उघडलेल्या आणि मोबाईलवरूनच मोडता येणाऱ्या छोट्या छोट्या एफडीत. आणि जो तीन-चार दिवसांनी आला तरी भागेल तो लिक्विड फंडात, म्हणजे कमी मुदतीच्या कर्जपत्रांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात. व्याजाचा फरक तुम्हाला वाटतो तितका मोठा नसतो, पुढं हिशोब दिलाय.

हे तास-बिस प्रकरण कळलं नाही, उदाहरण द्या.

समजा भुसावळचं एक घर आहे. नवरा एका दुकानाचे हिशोब लिहितो, वहिनी घरी शिकवण्या घेतात, सोबत वडील आहेत. महिन्याला ३० हजारात भागतं. सहा महिन्यांचा खर्च धरून १ लाख ८० हजार बाजूला काढलेत, त्यातले ६० हजार सेव्हिंगला, २५-२५ हजारांच्या तीन एफडी म्हणजे ७५ हजार, आणि ४५ हजार लिक्विड फंडात.

शुक्रवारी रात्री साडेदहाला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. जवळच्या हॉस्पिटलनं ४० हजार डिपॉझिट मागितलं, ते सेव्हिंगमधून यूपीआयनं लगेच गेलं. डॉक्टर म्हणाले सकाळी नाशिकला हलवा. गाडी, औषधं, बारीकसारीक धरून अजून १२ हजार गेले. सेव्हिंगला ८ हजार उरले. शनिवारी दुपारी नाशिकचं हॉस्पिटल म्हणतं १ लाख भरा, मग प्रोसिजरला घेऊ. आता इथं खरी परीक्षा आहे. तिन्ही एफडी तिथंच बाकड्यावर बसून ॲपमधून मोडल्या, ७५ हजार आणि वर थोडं व्याज सेव्हिंगला आलं. लिक्विड फंडाला इन्स्टंट रिडम्प्शनची सोय होती, त्यात ४५ हजाराच्या ९० टक्के म्हणजे ४० हजार ५०० पर्यंत लगेच मिळतात. झाले १ लाख २३ हजार, काम भागलं.

आता हेच सगळे १ लाख ८० हजार एका कागदी एफडीत असते, शाखेत जाऊन केलेल्या, नवरा आणि वडील दोघांच्या सह्या लागणाऱ्या, आणि तो शनिवार महिन्यातला दुसरा किंवा चौथा निघाला, तर बँक बंद, थेट सोमवारी सकाळी. आणि सह्या करणारा एक जण आयसीयूत. पैसा शंभर टक्के सुरक्षित, हातात मात्र शून्य. आणि सगळे लिक्विड फंडात असते तर? शुक्रवारी रात्री इन्स्टंटनं जास्तीत जास्त ५० हजार, शनिवारी अजून ५० हजार, कारण एका दिवसाची मर्यादाच तेवढी आहे. बाकीच्यासाठी साधी रिक्वेस्ट टाकली तर शुक्रवारी दुपारी तीनची वेळ गेलेली, म्हणून ती सोमवारची धरणार आणि पैसे मंगळवारी येणार. सोमवारी सुट्टी असली की अजून एक दिवस पुढं.

आमच्याकडे "पैसा बँकमा शे ना, मंग काय चिंता" म्हणून निवांत बसणारे खूप आहेत. पण कुठल्या बँकेत, कुठल्या नावानं आणि काढायला काय लागतं, हे विचारलं की गप्प होतात.

मग सगळंच सेव्हिंगला ठेवलं तर काय बिघडलं? कटकटच नको.

रक्कम लाखाच्या आत असेल तर खरंच काही बिघडत नाही, ठेवा आणि झोपा. मोठ्या बँकांचं सेव्हिंगचं व्याज अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास आहे, स्टेट बँकेनं जून २०२५ मध्ये ते अडीच टक्के केलं. लिक्विड फंड किंवा एफडीत समजा सहा मिळाले तर लाखाला वर्षाचे साडेतीन हजार जास्त. एवढ्यासाठी ज्याला ॲप वापरायचा कंटाळा आहे त्यानं स्वतःला त्रास देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सेव्हिंगमध्ये ठेवायचं तर ते रोजच्या वापराच्या खात्यात नको. त्या खात्यातून ईएमआय जातो, एसआयपी जाते, विम्याचे हप्ते कटतात, आणि दिवाळीत पाडव्याला सराफ बाजारात गेलं की तोच पैसा डोळ्यासमोर दिसतो. वेगळं खातं काढा, आणि जमलं तर ज्या बँकेचं कर्ज आपल्या डोक्यावर आहे त्या बँकेत काढू नका. हे कुणी सांगत नाही. पीक कर्ज किंवा दुसरं कर्ज थकलं तर त्याच बँकेतल्या तुमच्या खात्यावर बँक होल्ड लावू शकते, त्यातून थकबाकी वळतीही करून घेऊ शकते. म्हणजे ज्या वर्षी केळीचा बाग वादळात झोपला, हप्ता थकला आणि घरात पैशाची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमका त्याच वर्षी हा पैसा अडकायचा.

अजून एक. वेगळं खातं काढून त्याच्याकडे बघितलंच नाही, तर दोन वर्ष तुमच्याकडून काहीच व्यवहार नसला की ते इनऑपरेटिव्ह होतं आणि मग परत केवायसीचे कागद घेऊन शाखेत जावं लागतं. सहा महिन्यातून एकदा त्यातून शंभर रुपये इकडून तिकडे करा, विषय संपला.

एफडी मुदतीच्या आत मोडली तर व्याज बुडतं ना?

सगळं नाही बुडत, आणि हाच गैरसमज सगळ्यात जास्त आहे. सात दिवसांच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, पण त्यानंतर बँक काय करते, तर एफडी जितके दिवस प्रत्यक्षात राहिली तितक्या दिवसांसाठीचा जो दर होता तो लावते आणि त्यातून साधारण अर्धा ते एक टक्का दंड कापते. मुद्दलाला हात लागत नाही.

आकडे उदाहरणासाठी घेतो. ५० हजाराची एक वर्षाची एफडी, दर सव्वासहा टक्के, चार महिन्यांनी मोडली. चार महिन्यांचा दर समजा ५ टक्के होता आणि दंड अर्धा टक्का, म्हणजे हातात साडेचार टक्क्यांनी व्याज, चार महिन्यांचे ७५० रुपये. मोडली नसती तर तेवढ्याच काळाचे साधारण १,०४० झाले असते, म्हणजे नुकसान तीनशेच्या आत. आणि हेच ५० हजार सेव्हिंगला अडीच टक्क्यांनी पडून असते तर चार महिन्यात साधारण ४१७ मिळाले असते. म्हणजे मोडलेली एफडीसुद्धा सेव्हिंगच्या पुढेच राहिली. अगदी पहिल्या महिना-दीड महिन्यातच मोडली तर मात्र हे गणित उलटं पडू शकतं, कारण कमी दिवसांचे दर फारच कमी असतात आणि त्यातून परत दंड.

तरी मी लोकांना बघतो, एफडी मोडायला नको म्हणून तीन टक्के महिन्यानं कुणाकडून तरी उचल घेतात. तीन टक्के महिन्यानं म्हणजे वर्षाचे छत्तीस झाले हो. तीनशे रुपये वाचवायला दर महिन्याला हजार-दीड हजार देत बसायचं.

एफडी करताना काय काय बघायचं?

पहिली गोष्ट, ॲप किंवा नेट बँकिंगमधूनच करा आणि मोडायचं बटण पण तिथंच आहे का ते करायच्या आधी बघा. काही बँकांत शाखेतून काढलेली, पावती असलेली एफडी ॲपमध्ये दिसते खरी पण मोडायला पावती घेऊन शाखेतच जावं लागतं. काही ठिकाणी ऑनलाईन मोडायची पण वेळ ठरलेली असते, रात्री चालत नाही. म्हणून एकदा पाच-दहा हजाराची एफडी करायची आणि पंधरा दिवसांनी रविवारी संध्याकाळी ती मुद्दाम मोडून बघायची, पैसे किती मिनिटात सेव्हिंगला येतात ते स्वतःच्या डोळ्यानं कळतं. बँकेतल्या साहेबांच्या तोंडी आश्वासनापेक्षा हे बरं.

दुसरी, एकच मोठी नको. दीड लाखाची एक करण्यापेक्षा २५-२५ हजारांच्या सहा करा, लागेल तेवढ्याच मोडता येतात, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं.

तिसरी, पाच वर्षांची टॅक्स सेव्हर एफडी या कामाची नाही, ती मोडताच येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं साध्या माणसाच्या एक कोटीपर्यंतच्या बाकी ठेवींना मुदतीआधी काढायची सोय द्यावीच लागते, त्यामुळे तिथं घाबरायचं कारण नाही. कंपन्यांच्या एफडी वेगळ्या, त्यांना बँकेसारखा विमा नाही आणि पहिले तीन महिने पैसे काढायला अडचण असते, त्यामुळे दर कितीही गोड वाटला तरी या पैशासाठी नको.

ऑटो स्वीप घेऊ का?

ज्याला हे सगळं सांभाळायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी उत्तम. खात्यात ठरलेल्या रकमेच्या वर जे असेल ते आपोआप एफडीत जातं आणि खात्यात पैसे कमी पडले की जितके लागतील तितके आपोआप सुटून येतात. वेगवेगळ्या बँकांत नाव वेगळं, किमान रक्कम वेगळी. दोनच गोष्टी विचारून घ्या, यूपीआय आणि कार्डानं पैसे काढताना पण एफडी आपोआप सुटते का, आणि आधी कुठली सुटते, जुनी का नवी. नवी आधी सुटत असेल तर तुमच्या फायद्याचं, कारण जुनीवर जमलेलं व्याज शाबूत राहतं.

लिक्विड फंड म्हणजे शेअर मार्केटच ना शेवटी?

नाही. म्युच्युअल फंड म्हटलं की आपल्याकडे लगेच शेअर मार्केट डोक्यात येतं, पण लिक्विड फंडात शेअरचा एक पैसा नसतो. फंड तुमचे पैसे सरकारची ट्रेझरी बिलं, बँकांची आणि मोठ्या कंपन्यांची कमी मुदतीची कर्जपत्रं यात लावतो, आणि ही कागदपत्रं ९१ दिवसांच्या आत मुदत संपणारी असावीत असा सेबीचा नियम आहे. मुदत इतकी कमी म्हणून भाव फारसा हलत नाही.

फारसा हलत नाही म्हणजे कधीच हलत नाही असं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये टॉरस लिक्विड फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, एका दिवसात सुमारे ७ टक्के पडली होती, कारण त्यात बल्लारपूर इंडस्ट्रीजचे कागद होते आणि त्यांचं रेटिंग एकदम घसरलं. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या गोंधळात बऱ्याच लिक्विड फंडांनी काही दिवस उणे परतावा दाखवला, तो किरकोळ होता आणि लवकर भरूनही निघाला. दरम्यान २०१९ मध्ये सेबीनं नियम कडक केले, लिक्विड फंडाला किमान २० टक्के पैसा रोख किंवा सरकारी रोख्यांसारख्या लगेच विकता येणाऱ्या ठिकाणी ठेवणं सक्तीचं झालं.

एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटननं सहा डेट फंड, म्हणजे कर्जपत्रांत पैसे लावणारे फंड, बंद केले आणि लोकांचे पैसे बराच काळ अडकले, ते खरंच झालं होतं, पण त्या सहात लिक्विड फंड एकही नव्हता. अल्ट्रा शॉर्ट मात्र होता. म्हणून कुणी सांगितलं की लिक्विडपेक्षा अल्ट्रा शॉर्टमध्ये अर्धा टक्का जास्त मिळतो, तर या पैशापुरतं त्याला हात जोडायचे.

चांगला लिक्विड फंड ओळखायचा कसा?

सगळ्यात जास्त परतावा देणारा निवडू नका. या प्रकारात दोन फंडांत फरकच इतका थोडा असतो की जो जास्त देतोय तो कुठंतरी जास्त जोखीम घेतोय असंच धरायचं. फंड कंपनीच्या साईटवर पोर्टफोलिओची यादी असते, ती उघडा. ट्रेझरी बिलं आणि मोठ्या बँकांची सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट दिसली, बाकी कागदांसमोर A1+ असं सगळ्यात वरचं रेटिंग दिसलं की ठीक. शिवाय प्रत्येक डेट फंडाला जोखमीचा एक चौकटींचा तक्ता असतो, त्यात A-I ही सगळ्यात कमी जोखमीची चौकट, लिक्विड फंड A-I किंवा B-I मध्ये सापडतात, A-I मिळाला तर तो घ्या. डायरेक्ट प्लॅन, म्हणजे एजंटाचं कमिशन नसलेला, आणि ग्रोथ ऑप्शन, म्हणजे फायदा फंडातच राहणारा. बस.

ज्याला यातलं पण काही बघायचं नाही त्यानं ओव्हरनाईट फंड घ्यावा, त्यात एका दिवसात मुदत संपणारे कागद असतात, परतावा थोडा कमी पण डोक्याला ताप नाही.

लिक्विड फंडातून पैसे काढताना कुठं अडकायला होतं?

साधी पद्धत अशी, की कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत रिक्वेस्ट टाकली तर पुढच्या कामाच्या दिवशी पैसे बँकेत. तीननंतर टाकली तर ती दुसऱ्या दिवसाची धरतात. इन्स्टंटवाली सोय वेगळी, त्यात दिवसाला एका स्कीममधून ५० हजार किंवा तुमच्या जमा रकमेच्या ९० टक्के, यातलं जे कमी असेल ते, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री सुद्धा काही मिनिटात.

आता खाचाखोचा. ही सोय सगळ्या फंड कंपन्यांकडे नाही. जिथं आहे तिथंही बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या ॲपवरच चालते, दुसऱ्या ॲपवरून घेतलं असेल तर बटण दिसत नाही. युनिट डीमॅटमध्ये असतील तर बहुतेक ठिकाणी मिळतच नाही. कालच टाकलेल्या पैशावर लगेच मिळेल असंही नाही. आणि बाजारात मोठी गडबड असली तर कंपनी ही सोय थांबवू शकते. म्हणून माझं म्हणणं असं, की इन्स्टंट मिळालं तर बोनस समजा, प्लॅन करताना लिक्विडचा पैसा तीन-चार दिवसांनी येणार असंच धरून चाला. पैसे फोलिओला, म्हणजे फंडातल्या तुमच्या खात्याला, जोडलेल्या बँक खात्यातच येतात, त्यामुळे ते खातं चालू असलं पाहिजे हे वेगळं सांगायला नको.

एक्झिट लोडची, म्हणजे लवकर काढल्यावर कापल्या जाणाऱ्या पैशाची, भीती मात्र सोडा. तो पहिल्या सहा दिवसांपुरताच असतो, आणि पहिल्याच दिवशी काढले तरी ०.००७ टक्के, म्हणजे लाखाला सात रुपये. सातव्या दिवसापासून काही नाही.

आमच्या गावची पतसंस्था बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त देते, ओळखीचे आहेत सगळे. तिथं ठेवू?

नको. बाकी कुठल्या प्रश्नाला मी "बघा, तुमच्यावर आहे" म्हणेन, इथं नाही म्हणणार. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं शोधायला लांब जावं लागत नाही, रिटायरमेंटचे पैसे ठेवून वर्षानुवर्षं चकरा मारणारे आप्पा-नाना प्रत्येक गल्लीत सापडतील. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी तशी पावती अजून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय, लाल शिक्क्याची, मुदत संपून कितीतरी वर्ष झाली, आणि दर वर्षी रिटर्नच्या वेळी विचारतात की हे दाखवायचं का.

कारण असं आहे. बँकेत ठेवलेल्या पैशाला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्याच कंपनीचा विमा असतो, एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखापर्यंत, ४ फेब्रुवारी २०२० पासून. आधी तो १ लाखच होता. हा विमा सरकारी बँकेला आहे, खाजगीला आहे, स्मॉल फायनान्स बँकेला आहे, नागरी सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला नाही, कारण ती बँकच नाही. बोर्डवर सहकारी लिहिलेलं दोन्हीकडे असतं आणि आतला काउंटर पण सारखाच दिसतो, म्हणून फसायला होतं. पिग्मीवाला दारात येतो ही सोय खरी आहे, त्याला रोजचे पन्नास-शंभर द्यायचे असतील तर द्या, पण घराचे सहा महिने तिथं ठेवू नका.

सहकारी बँकेला विमा आहे म्हणता, मग तिथं ठेवायला हरकत नाही ना?

पैसा बुडण्याच्या दृष्टीनं ५ लाखाच्या आत हरकत नाही. पण पैसा न बुडणं आणि पैसा वेळेवर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पीएमसी बँकेवर निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा तर सुरुवातीला काहीच काढता येत नव्हतं, दोन आठवड्यांनी २५ हजार सोडले. २०२१ च्या कायद्यातल्या बदलानं आता असे निर्बंध आले की विम्याचे पैसे ९० दिवसात मिळायला हवेत, ही चांगलीच सुधारणा आहे, पण हॉस्पिटलचा काउंटर ९० दिवस थांबत नाही.

मोठ्या खाजगी बँकेच्या बाबतीतही असं झालंय, येस बँकेवर मार्च २०२० मध्ये ५० हजाराची मर्यादा आली होती, ती दोन आठवड्यात उठली. म्हणून दोन बँकांत ठेवा. पहिल्या दिवसाचा पैसा एका मोठ्या बँकेत, एफडी दुसरीकडे. स्मॉल फायनान्स बँका जास्त व्याज देतात, तिथं छोटी एफडी करायला माझी ना नाही, फक्त सगळा पैसा एकाच ठिकाणी नको, आणि ॲप नीट चालतं का ते आधी बघा.

यूपीआयनं हॉस्पिटलचं बिल जाईल ना?

साधारण यूपीआयची दिवसाची मर्यादा १ लाख असते. हॉस्पिटलसाठी ती ५ लाखापर्यंत वाढवलेली आहे, पण ते हॉस्पिटल तसं नोंदणी झालेलं मर्चंट असेल तरच. काउंटरवर डॉक्टरांच्या किंवा मेडिकलवाल्याच्या नावाचा साधा क्यूआर लावलेला असला तर १ लाखावरच अडकाल, आणि तुमच्या बँकेची मर्यादा त्याहून कमी पण असू शकते. नवीन फोन किंवा नवीन सिम घालून यूपीआय परत चालू केलं असेल तर पहिले २४ तास साधारण ५ हजाराच्या वर जात नाही. म्हणून डेबिट कार्ड जवळ ठेवा आणि त्याची स्वाईपची मर्यादा ॲपमध्ये आधीच वाढवून ठेवा. आयएमपीएस ५ लाखापर्यंत चोवीस तास चालतं, पण नवीन खातं जोडलं की काही तास बँक कमीच रक्कम सोडते.

धडगाव, अक्कलकुवा भागात राहत असाल तर घरात पाच-दहा हजार रोख ठेवाच, रेंजचा भरवसा नाही.

पोस्टात ठेवलं तर?

सुरक्षित आहे, सरकारची हमी आहे. सेव्हिंगला ४ टक्के मिळतात. पण पोस्टाची टाइम डिपॉझिट पहिले सहा महिने काढताच येत नाही, त्यामुळे या कामाला ती बसत नाही.

घरात सोनं आहे की, वेगळा पैसा कशाला?

सोनं मोडायला किंवा तारण ठेवायला दुकान किंवा शाखा उघडी लागते, आणि मोडताना घडणावळ जाते. जळगावचं सोनं कितीही चोख असलं तरी रात्री दोनला त्याचे पैसे होत नाहीत. शेवटची फळी म्हणून असू द्या.

शेतीवाल्या घरानं पण असंच ठेवायचं का?

वाटणी तीच, फक्त रक्कम जास्त, कारण कापसाचा पैसा वर्षातून काही महिन्यातच येतो. आणि जूनमधलं बियाणं-खत या पैशातून आणायचं नाही. तो खर्च दर वर्षी येणारच असतो, त्याची एफडी वेगळी करा, मेच्या शेवटी मुदत संपेल अशी. एकत्र ठेवलं की पेरणीत सगळा पैसा जातो आणि जुलैत कुणी आजारी पडलं की परत सावकाराचं दार.

टॅक्स कुठं कमी लागतो?

या तिघांत फार फरक नाही. एफडीचं व्याज तुमच्या स्लॅबनं, आणि १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या लिक्विड फंडाचा फायदाही स्लॅबनंच, कितीही वर्ष ठेवा. फरक इतकाच की एफडीवर दर वर्षी व्याज धरावं लागतं, फंडात काढाल तेव्हा. जुन्या पद्धतीनं रिटर्न भरत असाल तर सेव्हिंगच्या १० हजारापर्यंतच्या व्याजाला 80TTA मध्ये सूट आहे. दीड-दोन लाखावर टॅक्स बघून जागा ठरवण्यात काही अर्थ नाही.

खातं कुणाच्या नावावर ठेवायचं?

नवरा-बायको दोघांच्या, आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा" या पद्धतीनं, म्हणजे एकाच्या सहीवर काम होतं. नुसतं नॉमिनी लावून भागत नाही, कारण नॉमिनीला पैसे माणूस गेल्यावर मिळतात, माणूस आयसीयूत असताना नाही. जॉइंट एफडी करताना अजून एक कलम विचारा, की दोघांतला एक गेला तर राहिलेल्याला मुदतीआधी मोडता येईल का. काही बँका ते फॉर्मवर वेगळं लिहून घेतात, आणि लिहिलेलं नसेल तर वारसांच्या सह्या मागतात. लिक्विड फंडाच्या फोलिओतही दुसरं नाव घालता येतं, तिथं "एनीवन ऑर सर्व्हायव्हर" असं निवडा. आणि बँकेचं ॲप वहिनींच्या फोनवर त्यांच्या स्वतःच्या लॉगिननं चालू असलं पाहिजे, एफडी कशी मोडायची हे त्यांनी एकदा तरी स्वतःच्या हातानं करून बघितलेलं असलं पाहिजे.